आत्याच्या तोंडावरचा उजेड

नाटक मंडळीत तिला सगळेच आत्या म्हणायचे, पण हक्काने म्हणणारा एकच होता, तिचा भाचा. तो दिग्दर्शक. त्याचे वडील, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, हे मंडळीचे हिरो. हिरो म्हणजे आता गुडघे धरून उठणारा हिरो, पण हिरोच. आणि आत्या विंगेत उभी राहून प्रॉम्प्टिंग करायची, म्हणजे नट वाक्य विसरला की त्याला ते हळूच पुरवायची. थोडक्यात, घरात जी भांडणं चालायची तीच नाट्यगृहातही चालायची, फक्त तिथे अंगावर भाड्याचे कपडे असायचे.

आत्याचं दुकान वर्षानुवर्षं एकाच जागी मांडलेलं होतं. डावी विंग, लाकडी स्टँड, त्यावर संहितेची सुटी पानं आणि वर चिमट्याने अडकवलेला एक छोटा दिवा. ती कुजबुजून बोलायची, पण ओठ असे मोठे करून की जणू समोर तान्हं बाळ आहे. भावाचा एक हट्ट होता. नाटक कुठलंही असो, त्याची खुर्ची डाव्या विंगेजवळच हवी. राजा झाला तरी डावीकडे, भिकारी झाला तरी डावीकडे. नटांचे चोचले म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिलं होतं.

मग रंगमंचाच्या कडेला नवे माइक आले आणि घोळ झाला. नव्या नाटकात भाऊ म्हातारा कप्तान होता, जहाज गमावलेला. त्याच्या मरणाचा प्रसंग रेकॉर्ड करून ऐकला तेव्हा कप्तान प्राण सोडतोय आणि शेजारी बसून कोणीतरी बिस्किटांचा पुडा फोडतंय असं वाटत होतं. तो आत्याच्या पानांचा आवाज होता. भाच्याने लगेच पानांची हकालपट्टी केली. घरातला जुना टॅबलेट आणला, संहितेच्या पानांचे फोटो काढून त्यात भरले, दिव्याचा चिमटा काढून टाकला आणि आत्याच्या हातात ती काचेची पाटी दिली.

"आता पान उलटायचं म्हणजे नुसतं बोट फिरवायचं. आवाज नाही, दिवा नाही, काही नाही."

"मीही नको असेन तर तसं सांग," आत्या म्हणाली.

पहिल्याच प्रयोगाला त्या पाटीने गुण उधळले. तिचा ऑटो ब्राइटनेस चालू होता, म्हणजे आजूबाजूला उजेड किती आहे ते बघून स्क्रीन आपला उजेड आपणच ठरवत होता. विंगेत अंधार, म्हणून तो मिणमिणता. पण रंगमंचावरचे दिवे चढले की त्यांचा झोत तिरका विंगेत यायचा, आणि पाटीला वाटायचं, आपण उन्हात आलो. लगेच लख्ख. आत्याचा चेहरा हनुवटीपासून कपाळापर्यंत निळसर उजळून निघायचा. बरं, चढायची घाई असलेल्या या वस्तूला उतरायची मात्र अजिबात घाई नव्हती. कप्तान मेला, दिवे एकदम गेले, सगळीकडे काळोख, आणि त्या काळोखात डाव्या बाजूला आत्याचं नुसतं मुंडकं तरंगत राहिलं. मग ते सावकाश विझलं. उजवीकडच्या रांगांमध्ये एक माणूस हसला, मग त्याची रांग हसली, मग कप्तानाचं मरण वाया गेलं.

त्याहून वाईट म्हणजे भाऊ दुसऱ्या अंकात अडकला होता. कंदिलाच्या प्रसंगात, जिथे रंगमंचावर जवळजवळ अंधारच असतो. आत्या वाक्य देत होती आणि तो तिच्याकडे बघत नुसता उभा होता. शेवटी त्याने स्वतःच्या मनाची काहीतरी दोन वाक्यं ठोकून दिली आणि समोरची नटी गडबडली.

"प्रॉम्प्ट उशिरा आलं," तो नंतर म्हणाला.

"उशिरा? मी तीनदा दिलं. मेलेला माणूस उठून बसला असता."

"मग नीट दे की."

भाच्याने आत्याला बाजूला घेतलं. एरवी तो आरडाओरडा करायचा, त्या दिवशी हळू बोलला, म्हणून तिला जास्त धसका बसला. "आत्या, पुढच्या प्रयोगाला ते दौऱ्याचे लोक येणार आहेत. त्यांना आवडलं तर वर्षभर गावोगाव प्रयोग. पण बाबा असे अडकणार असतील तर कप्तान मला दुसऱ्याला द्यावा लागेल. डॉक्टरचं काम करतो ना, त्याचं पाठ आहे सगळं. बाबांना सांगू नको."

डॉक्टरचं काम करणारा तो मुलगा सरळ उभा राहायचा, वेळेवर यायचा आणि कोणाशी भांडायचा नाही. आत्याला तो मुळीच आवडत नव्हता. भावाला घरी बसवलं तर तो आठवडाभरात खिडकीतला कुंड्यांचा शोभिवंत मालक होईल आणि वर्षभरात त्या कुंड्यांसारखा गप्प, हे तिला दिसत होतं. दोष त्या पाटीत आहे, पाटी सुधारली की भाऊ सुधारेल, असं तिने पक्कं धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या नाट्यगृहात तिघं जमली. आत्या, भाचा आणि लाइटवाला. लाइटवाला मंडळीत सर्वांत जास्त बोलणारा माणूस होता आणि त्यातलं अर्धं बरोबर असायचं, पण कुठलं अर्धं ते त्यालाही माहीत नसायचं.

आधी दोष आत्याच्या अंगठ्याचा निघाला. ती टॅबलेट आडवा धरायची, आणि उजेड मोजणारा सेन्सर पुढच्या कॅमेऱ्याच्या शेजारी काचेखाली लपलेला होता. आडव्या पाटीवर ती जागा बरोबर तिच्या डाव्या अंगठ्याखाली येत होती. अंगठा पडला की मंद, उचलला की लख्ख. पाटी स्टँडवर उभी ठेवली तेव्हा ते थांबलं, पण लाइटवाल्याने वरचे दिवे चढवले तसा स्क्रीन परत उसळला.

"सेन्सरच झाका," लाइटवाला म्हणाला आणि त्याने काळ्या टेपचा तुकडा कॅमेऱ्यावर चिकटवला. काही फरक पडला नाही. कारण त्याने कॅमेराच झाकला होता. मग टेप थोडी सरकवली, आणि स्क्रीन एकदम खाली बसला, अगदी तळाशी. आता दिवे चढवा, उतरवा, काही करा, तो हलेना.

"बघा," लाइटवाला छाती काढून म्हणाला. "आता त्याच्या मते कायमची अमावास्या."

आत्या वाचायला लागली. पहिलं पान बरं गेलं. दुसऱ्या पानावर अक्षरं जिवंत झाल्यासारखी वाटायला लागली. नजर ओळीवरून सरकवली की ओळ तुटक तुटक दिसायची. तिसऱ्या पानावर तिच्या भुवयांच्या मधोमध ठणका लागला.

"हे थरथरतंय."

"तुझे डोळे थरथरतायत," भाचा म्हणाला. पण त्याने खिशातून फोन काढून टॅबलेटवर कॅमेरा धरला, आणि फोनमध्ये त्या स्क्रीनवरून काळे पट्टे सरकताना दिसले. एकामागून एक, पडदा ओढल्यासारखे. आत्याला भुवयांमधल्या ठणक्यातही बरं वाटलं.

यावर लाइटवाला खूप बोलला, आणि नशिबाने हे त्याचं बरोबर अर्धं होतं. त्याच्याकडचे नवे एलईडी दिवेही अगदी खाली आणले की कॅमेऱ्यात असेच फडफडायचे. "हा प्रकाश खरोखर कमी होतच नाही, आत्याबाई. तो फार वेगाने चालू-बंद, चालू-बंद होतो. मंद करायचा म्हणजे बंद जास्त वेळ, चालू कमी वेळ. वर असताना डोळ्याला कळत नाही. अगदी तळाला नेलं की काहींना कळतं, काहींचं नुसतं डोकं दुखतं."

"आणि मी दोन्हींत."

"मग वर चढवला पाहिजे."

"वर चढवला की मुंडकं दिसतं," भाचा म्हणाला. त्याने सेटिंगमध्ये बराच वेळ बोटं मारली. नव्या फोनांमध्ये स्क्रीन आणखी मंद करायची वेगळी सोय असते, तिथे थरथर न वाढवता उजेड कमी करता येतो, पण या म्हाताऱ्या पाटीत ती नव्हती. काळ्यावर पांढरी अक्षरं करून बघितली, तर पानांचे फोटो असल्यामुळे मेनू तेवढे काळे झाले आणि संहिता पांढरीफटक तशीच राहिली.

युक्ती सुचली ती आत्याला. लाइटवाल्याच्या पेटीत दिव्यांपुढे लावायचे रंगीत जिलेटिनचे कागद असत, आणि त्यात एक राखाडी होता, रंग न बदलता नुसता उजेड गिळणारा. तिने तो टॅबलेटवर धरला. एक पदर कमी पडला, दोन बरोबर बसले. ऑटो ब्राइटनेस बंद, टेप काढून टाकली, उजेड निम्म्यावर नेऊन कायम, आणि वर चिकटपट्टीने लावलेलं राखाडी जिलेटिन. भाच्याने परत फोन धरून पाहिला. पट्टे नव्हते. अक्षरं गप्प उभी होती आणि बाहेर उजेड जेमतेम पडत होता. भाचा प्रेक्षकांत जाऊन सगळ्या खुर्च्यांवर बसून आला.

"दिसत नाहीस. अजिबात दिसत नाहीस."

आत्याला याचा इतका आनंद झाला की तिने लाइटवाल्याला स्वतःच्या डब्यातलं खायला दिलं. तिने असं कोणाला कधी दिलं नव्हतं.

प्रयोग दुपारचा होता. दौऱ्याचे लोक तिसऱ्या रांगेत बसले होते, चेहऱ्यावर फुकट बोलावलेल्या माणसाची ती सहनशीलता. आत्या आपल्या पाटीपुढे उभी राहिली, काळ्या साडीत, काळोखात, आणि तिला पहिल्यांदा वाटलं की प्रॉम्प्टर असावा तर असा. आहे आणि नाही.

भाऊ आला, खुर्चीत बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली. समोर डॉक्टर झालेला तो शहाणा मुलगा. संवाद छान चालले होते. मग कप्तानाचं ते लांबलचक स्वगत, ज्यात तो जहाजाच्या फळ्यांची आठवण काढतो, आणि भाऊ मध्येच थांबला. पहिल्या अंकात तो कधी थांबत नसे. दिवे तर वर चढलेले होते.

आत्याने वाक्य दिलं. भाऊ थांबलेलाच. तिने परत दिलं, थोडं मोठ्याने. पहिल्या रांगेतल्या एका बाईने मान वळवून विंगेकडे पाहिलं, म्हणजे तिला ऐकू गेलं होतं. डॉक्टरलाही गेलं होतं. तो मेला ते वाक्य मनातल्या मनात म्हणत असल्यासारखा दिसत होता. हातभर अंतरावरच्या कप्तानाला मात्र नाही.

भावाने मान वळवली. तो अंधारात शोधत होता. कान पुढे करून नव्हे, डोळे बारीक करून. त्याची नजर आत्याच्या आसपास फिरत होती, एकदा स्टँडवर, एकदा तिच्या खांद्याच्या वर, आणि कुठेच टेकत नव्हती. त्या नजरेत घाबरलेलं काहीतरी होतं. आत्याने ते लहानपणी एकदा पाहिलं होतं, बाजारात त्याचा हात तिच्या हातातून सुटला होता तेव्हा.

आणि तिला कळलं. एकदम सगळंच कळलं. चिमट्याचा दिवा तिच्या पानांवर पडायचा आणि तिच्या तोंडावरही. गेल्या प्रयोगाला टॅबलेट उसळला तेव्हा भाऊ अडकला नव्हता. तो कंदिलाच्या प्रसंगात अडकला, जेव्हा पाटी मंद होती. डावीकडची खुर्ची. घरात कोणी बोलायला लागलं की समोर येऊन बस म्हणायचं, आणि बहुतेक वेळ स्वतःच बोलत राहायचं, म्हणजे दुसऱ्याचं ऐकायची पाळीच नको. या माणसाला ऐकू येत नव्हतं. वर्षानुवर्षं ती त्याच्या कानात वाक्यं ओतत होती आणि तो तिच्या ओठांवरून उचलत होता. तिने मोठ्या कष्टाने, हुशारीने, स्वतःच्या डोक्याने त्याचं एकुलतं एक पुस्तक मिटवून टाकलं होतं.

तिला भयंकर राग आला. त्याच रागात तिने जिलेटिन ओढून काढलं. चिकटपट्टी फाटली त्याचा आवाज नव्या माइकांनी इमानाने सगळीकडे पोचवला. तिने स्क्रीनच्या वरून सेटिंगची पट्टी खाली ओढली, ब्राइटनेसचा खटका बोटाने टोकापर्यंत ढकलला आणि टॅबलेट उचलून हनुवटीखाली धरला.

उजवीकडच्या रांगांना मुंडकं दिसलं. कोणीतरी हसलंच. आत्याने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने ओठ मोठे केले आणि फळ्यांचं वाक्य दिलं.

भावाचे डोळे तिच्या चेहऱ्यावर येऊन टेकले. त्याने एक लांब श्वास घेतला, आणि असं वाक्य उचललं की मधली सगळी शांतता मुद्दाम घेतलेली वाटावी. पुढचा सगळा प्रयोग आत्या तशीच उभी होती. कंदिलाच्या प्रसंगात रंगमंचावर अंधार आणि विंगेत पौर्णिमा असा देखावा होता. तिचे दंड भरून आले. एक शब्द वाचायची गरज नव्हती, सगळं तिला पाठच होतं. तो टॅबलेट आता नुसता दिवा होता. मरणाच्या प्रसंगातही तिने तो खाली केला नाही, कारण काळोख व्हायच्या आधी कप्तानाला अजून एक शब्द बोलायचा असतो, आणि तो चुकला असता तर तिने त्याला स्वतः मारलं असतं.

टाळ्या पडल्या. बऱ्यापैकी पडल्या. दौऱ्याचे लोक काय म्हणत होते ते कळायच्या आत आत्या रंगपटाकडे निघाली.

भाऊ आरशापुढे बसून कापसाने तोंड पुसत होता, मान खाली घालून. आत्या दारातच थांबली. बोळातला दिवा गेलेला होता, त्यामुळे ती अंधारात होती. तिथून तिने त्याला साठवलेलं सगळं ऐकवलं. गाढवा म्हणाली, लबाडा म्हणाली, आईला काय उत्तर देऊ म्हणाली, जी जाऊन जमाना झाला होता. तू मला वेडं केलंस म्हणाली. भाऊ शांतपणे कपाळावरचा रंग काढत होता. मग ती आत आली, आरशाभोवतीच्या बल्बांच्या उजेडात, आणि त्याने मान वर केली.

"ताई? कधी आलीस?"

तिला रडू आलं आणि रडू आल्याचा वेगळा राग आला. "कधीपासून ऐकू येत नाही तुला?"

तो आरशात तिच्या ओठांकडे बघत होता. "एका कानाने बरीच वर्षं. दुसऱ्याने अलीकडे."

"मशीन मिळतं त्याचं. शेजारणीच्या सासूकडे आहे. ती आता भिंतीपलीकडचं ऐकते."

"कप्तानाच्या कानात मशीन?"

"कप्तानाच्या डोक्यावर टोपी आहे, मूर्खा."

"ती पहिल्या अंकात काढतो."

"मग नको काढूस." तिने नाक पुसलं. "मी इतकी वर्षं घसा कोरडा करते. मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू मला सांभाळून घेतलं असतंस," भाऊ म्हणाला. "आता निदान शिव्या तरी देतेस. एवढंच हवं होतं. पोराला नको सांगू."

बोळातून पावलं वाजली. भाचा दारात येऊन उभा राहिला, अंधारात, टॅबलेट काखेत मारून. भावाने त्याला पाहिलंच नाही, तो आत्याकडे बघत होता.

"आत्या, ब्राइटनेस फुल कोणी केला?"

आत्याचं उत्तर तयार होतं. "आपोआप वाढला. परत उसळला मेला."

"ऑटो मी स्वतः बंद केला होता. आताही बंदच आहे, बघितलं मी. बंद असताना आपोआप वाढूच शकत नाही. आणि जिलेटिन? तेही आपोआप फाटलं?"

आत्याने तोंड उघडलं. आयुष्यभर दुसऱ्यांना वाक्यं पुरवणाऱ्या त्या बाईला स्वतःचं पुढचं वाक्य सुचेना. ती भाच्याकडे बघत राहिली, मग आरशाकडे. आरशात भाऊ तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. तिचे ओठ थांबलेले त्याला दिसले. त्याने कापूस खाली ठेवला आणि दाराकडे वळला.

"तिने माझ्यासाठी केला," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही रे. तू काय विचारतोयस तेही मला कळलेलं नाही. आत ये, उजेडात उभा राहा, आणि मग काय ओरडायचं ते ओरड."

भाचा आत आला. बल्बांच्या उजेडात उभा राहिला. त्याने काखेतला टॅबलेट खाली ठेवला, आणि भाऊ त्याच्या तोंडाकडे बघत थांबून राहिला.